साडेचारशे मिनिटांचा हिशेब

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा तिथून पुढच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांच्या घरचं कुणी काम करतं, त्यांना 'ऑडिट' हा शब्द नवा नाही. परदेशातलं गिऱ्हाईक माल घेण्याआधी आणि घेत असतानाही कारखाना पाहून जातं, आणि मग एक अहवाल येतो. आमच्या भागातल्या एका मशिन शॉपला जर्मनीतल्या गिऱ्हाइकाकडून असाच अहवाल आला. अठरा पानं, सगळी इंग्रजीत. त्यात तीन शब्द पुन्हा पुन्हा लाल रंगात होते: ओईई, टाक्ट टाइम आणि फाइव्ह एस. तीस दिवसांत उत्तर द्यायचं होतं, आणि त्या उत्तरावर पाच सुपरवायझरांच्या सह्या हव्या होत्या.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्या कारखान्यातल्या मशिनांवरून आकडे गोळा करणारी प्रणाली आमच्या छोट्या कंपनीने बसवलेली. मशिन कधी सुरू झालं, कधी थांबलं, किती जॉब झाले, हे ती लिहून ठेवते. अहवालातले आकडे तिच्यातूनच निघालेले असल्यामुळे मालक मला म्हणाले, "मॅडम, आमच्या लोकांना हे जरा समजावून सांगा. सह्या काय, ते आताही करतील. पण कशावर सही केली ते कळलं पाहिजे की ओ."

त्यांचं म्हणणं खरं होतं. न समजता सही केलेला आकडा पुढच्या महिन्यापासून 'बनवला' जातो, आणि मग मशिन एक सांगतं, कागद दुसरंच सांगतो. शिवाय धास्तीही होती. अहवालात एका मशिनसमोर 67 टक्के लिहिलं होतं आणि शेजारी 'लक्ष्य 85'. त्या लाइनच्या सुपरवायझरांनी त्याचा अर्थ घेतला होता, की आपली माणसं 33 टक्के वेळ बसून असतात. दुसरे एक जण म्हणाले, "सदुसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास की! अजून काय पाहिजे यांना?" दोघांचाही अर्थ चुकीचा होता, आणि दोष दोघांचाही नव्हता.

आम्ही चार संध्याकाळी, चहानंतर अर्धा अर्धा तास, मशिन शॉपमधल्याच पांढऱ्या फळ्यासमोर बसलो. पाचपैकी तिघे मराठी बोलणारे, दोघे कन्नड. बोलणं दोन्ही भाषांत चाललं. उदाहरण एकच घेतलं: हायड्रॉलिक पंपाचं बिडाचं झाकण. त्याची दोन मापं आहेत, पण दोन्हींना मशिनवर लागणारा वेळ सारखाच.

सुरुवात मी टाक्टपासून केली. अहवालात तो शेवटी होता, पण बाकी दोन शब्दांना अर्थ त्याच्यामुळेच येतो. हा मूळ जर्मन शब्द. संगीतात त्याचा अर्थ ठेका. हे सांगितल्यावर सर्वांत वयस्कर सुपरवायझर सरसावून बसले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, आणि ते गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतात. "म्हणजे ताल," ते म्हणाले. शेजारचे कन्नड बोलणारे सुपरवायझर म्हणाले, "आमच्यात ताळ." शब्दाचं भाषांतर तिथेच संपलं.

मग प्रश्न आला, हा ताल ठरवतो कोण? मशिन? ऑपरेटर? मालक? भजनात लय गाणारा धरतो आणि मृदंगाला त्याच्याबरोबर जावं लागतं. कारखान्यात गाणारा म्हणजे गिऱ्हाईक. दिवसाला त्याला 300 झाकणं हवीत. आपल्या दोन पाळ्या. प्रत्येक साडेआठ तासांची, त्यातून जेवण आणि दोन चहा मिळून एक तास वजा केला की उरतात 450 मिनिटं. दोन पाळ्यांची 900. भागिले 300, म्हणजे 3 मिनिटं. दर तीन मिनिटांनी एक चांगलं झाकण बाहेर पडलं पाहिजे. हा टाक्ट टाइम.

इथे नेहमी होणारा घोटाळा लगेच झाला. "पण आमचा टाइम अडीच मिनिटं आहे," लाइनचे सुपरवायझर म्हणाले. अडीच मिनिटं हा सायकल टाइम. म्हणजे कसलीही अडचण नसताना मशिनला एक झाकण करायला लागणारा वेळ. सायकल टाइम मशिनचा, टाक्ट गिऱ्हाइकाचा. नवा कटर आणला, फीड वाढवला, तर सायकल टाइम बदलेल. टाक्ट जागेवरच राहील. उद्या गिऱ्हाइकाने 300 ऐवजी 360 मागितली, तर मशिनला हातही न लावता टाक्ट अडीच मिनिटांवर येईल. अण्णांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं: "माझा हात किती जलद चालतो ते वेगळं, आणि बुवांनी लय कुठली धरली ते वेगळं. हात लयीपेक्षा जलद चालत नसेल, तर वादक बदलावा लागतो."

सायकल टाइम टाक्टपेक्षा अर्ध्या मिनिटाने कमी आहे, म्हणजे काम जमायला हवं. तरी पाळीला 150 ऐवजी 120च चांगली झाकणं निघत होती. का? इथून ओईई सुरू होतं.

ओईईचं पुस्तकी मराठी 'उपकरणांची एकूण परिणामकारकता' असं होईल. हे वाक्य मशिन शॉपमध्ये उच्चारलं तर सगळे मान डोलावतील आणि कुणाला काही कळणार नाही. म्हणून मी त्याचा शब्द केला नाही, प्रश्न केला: पाळीच्या 450 मिनिटांपैकी किती मिनिटं आपण गिऱ्हाइकाला विकली? 120 चांगली झाकणं, प्रत्येकी अडीच मिनिटं, म्हणजे 300 मिनिटं. 450 पैकी 300 विकली, 150 गळाली. 300 भागिले 450, म्हणजे 67 टक्के. अहवालातला लाल आकडा तो हाच.

मग ही 150 मिनिटं कुठे गळाली ते आम्ही फळ्यावर उतरवलं. गळती तीन ठिकाणी होते, आणि ओईईचे तीन भाग म्हणजे याच तीन जागा.

पहिली, मशिन उभं राहिलं ती मिनिटं. एका मापावरून दुसऱ्या मापावर जाण्याचा सेटअप 45 मिनिटं, इन्सर्ट बदलून ऑफसेट घेण्यात 25 आणि कास्टिंग वेळेवर न आल्यामुळे 20. एकूण 90. म्हणजे मशिन चाललं 360 मिनिटं; 450 च्या 80 टक्के.

दुसरी, मशिन चालू होतं पण रेंगाळलं ती मिनिटं. 360 मिनिटांत अडीचच्या हिशेबाने 144 झाकणं व्हायला हवीत, झाली 126. अठरा कमी, म्हणजे 45 मिनिटं. म्हणजे वेगाचे 87.5 टक्के. ही गळती कुणाच्याही वहीत नव्हती, कारण ती एका वेळी वीस-पंचवीस सेकंदांची असते. मशिनजवळ उभं राहून पाहिल्यावर कळलं, की फिक्स्चरच्या टेकूवर बिडाची भुकटी साचते, आणि ऑपरेटर दर एक-दोन जॉबनंतर एअर गनने ती उडवतो. लक्ष चुकलं तर झाकण तिरकं बसतं, म्हणून नंतर नंतर तो फीडही थोडा कमी ठेवतो. तो आळशी नव्हता, काळजी घेत होता.

तिसरी, वाया गेलेला माल. 126 पैकी 6 झाकणं नापास, 15 मिनिटं. चांगली 120, म्हणजे 95 टक्क्यांहून थोडी जास्त.

नव्वद, पंचेचाळीस, पंधरा, बेरीज 150. तीन टक्क्यांचा गुणाकार करूनही उत्तर तेच येतं, पण मिनिटांची बेरीज केली की ती गळती दिसते. सुपरवायझरांचा चेहरा बदलला तो या बेरजेमुळे. 'तुम्ही 67 टक्के' असं म्हटलं की माणूस उत्तर द्यायला उभा राहतो. 'वीस मिनिटं कास्टिंग नव्हतं' असं म्हटलं की तो कास्टिंग कुठे अडलं ते शोधायला जातो. ओईई मशिनचं मोजमाप आहे, माणसाचं नाही. ऑपरेटरच्या नावासमोर ते लिहायचं नाही, असं आम्ही तिथेच ठरवलं.

आता तो 85. हा आकडा जपानचे सेइची नाकाजिमा यांच्याकडून आला. यंत्रांच्या देखभालीची टीपीएम नावाची पद्धत त्यांनी मांडली. मशिन चालण्याचे 90, वेगाचे 95 आणि चांगल्या मालाचे 99 टक्के, यांचा गुणाकार साधारण 85 होतो. उत्तम कारखान्यासाठी ती त्यांनी दिलेली कसोटी होती, आणि पुढे ती सगळीकडे सरसकट लक्ष्य म्हणून लावली गेली. पण आपल्या या झाकणासाठी किती हवं, हे दुसऱ्या कुणाच्या आकड्यावरून ठरत नाही. ते टाक्टवरून निघतं. सायकल टाइमला टाक्टने भागा: अडीच भागिले तीन, म्हणजे 83 टक्क्यांच्या किंचित वर. पाळीला 150 झाकणं काढायची तर एवढं हवंच. मिनिटांत सांगायचं तर 120 वरून 150 वर जायला 30 झाकणं कमी पडतात. तीस गुणिले अडीच, 75 मिनिटं. गळालेल्या 150 मिनिटांपैकी निम्मी परत आणायची. "एवढंच होय?" लाइनचे सुपरवायझर म्हणाले. त्यापूर्वी या लाइनला दुसरं मशिन घ्यायचं, त्यासाठी कर्ज काढायचं आणि तोपर्यंत रविवारीही माणसं बोलवायची, इथपर्यंत बोलणं गेलेलं होतं.

याच हिशेबाने आणखी एकाचं ओझं उतरलं. झाकणाला पुढे भोकं पाडणारं ड्रिलिंग मशिन अहवालात सर्वांत वाईट दाखवलं होतं, 45 टक्के, गडद लाल. त्याचे सुपरवायझर तीन दिवस कुणाशी धड बोलत नव्हते. त्या मशिनचा सायकल टाइम 1.2 मिनिटं. भागिले 3, म्हणजे 40 टक्के. त्या मशिनची गरजच चाळीसची आहे, आणि ते पंचेचाळीसवर चालतं आहे! ते 85 वर न्यायचं ठरवलं तर एक तर त्याला पुरेशी झाकणं मिळणार नाहीत, किंवा मिळाली तर गिऱ्हाइकाने न मागितलेला माल रॅकवर साचेल. ओईई वाढवायचं ते अडलेल्या मशिनचं. बाकीच्यांनी ताल सांभाळला की पुरे. दोन वेगळ्या मशिनांचे ओईई शेजारी मांडून नंबर लावणं हे तर अगदीच निरर्थक. ते सुपरवायझर फळ्यासमोर उभे राहिले, आकडेमोड पुन्हा एकदा स्वतः करून पाहिली, आणि म्हणाले, "हे इंग्रजीत लिहा मॅडम, खाली सही मी करतो."

तिसऱ्या संध्याकाळी फाइव्ह एस. याबद्दल सर्वांना खात्री होती, की हे माहीत आहे. साफसफाई! भिंतीवर तसा इंग्रजी तक्ताही होता आणि जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले होते. ऑडिटच्या आदल्या दिवशी झाडून-पुसून लख्ख केलं होतं, तरीही अहवालात नापास. कारण पाच जपानी शब्दांपैकी सफाई हा तिसरा आहे, पहिला नाही. सेइरी म्हणजे निवड, सेइतोन म्हणजे मांडणी, सेइसो म्हणजे सफाई, सेइकेत्सु म्हणजे ठरलेली पद्धत आणि शित्सुके म्हणजे शिस्त. शेवटचा शब्द ऐकून सगळे हसले. नातं काही नाही, पण कानाला तो आपलाच वाटतो.

निवड म्हणजे तांदूळ निवडतो तशी. सेटअपच्या कपाटात एकाच मापाचे सात पाने निघाले, आणि या फिक्स्चरला लागणारा पाना मात्र शेजारच्या मशिनवर. बंद झालेल्या जॉबची फिक्स्चरं पुढे, रोजची मागे. हे न निवडता मांडलं तर अडगळच नीट मांडली जाते, आणि पुसलं तर अडगळच चकाकते. आम्ही एक सेटअप घड्याळ लावून पाहिला: 45 पैकी 20 मिनिटं ऑपरेटर चालत होता किंवा शोधत होता. म्हणून नको ते लाल चिठ्ठी लावून बाहेर काढलं, आणि या दोन मापांना लागणारं सगळं एका फळीवर, प्रत्येक हत्याराचा आकार मागे रंगवून, मशिनजवळ टांगलं. रिकामा आकार दिसला, की काय गेलं ते लांबूनच कळतं. चौथा शब्द, पद्धत, तो हाच: सांगावं लागू नये, दिसावं.

सफाईचाही खरा अर्थ इथे कळतो. चकचकीत करणं हा तिचा हेतूच नाही. पुसताना पाहणं हा आहे. फिक्स्चर रोज पाळीअखेर हाताने पुसायचं ठरलं, तेव्हा पुसणाऱ्यालाच दिसलं की भुकटी नेहमी एकाच टेकूवर साचते, कारण कूलंटची एक नळी वाकून दुसरीकडे धार मारते. नळी सरळ केली. रेंगाळणं कमी झालं आणि तिरक्या बसलेल्या झाकणांमुळे होणारं रिजेक्शनही घटलं. तीन शब्द एकाच धाग्यात येतात ते असे: टाक्टने किती मिनिटं हवीत ते सांगितलं, ओईईने ती कुठे गळतात ते दाखवलं आणि फाइव्ह एसने त्यांतली काही परत आणली.

काही, सगळी नव्हे. तीन महिन्यांनी पाळीला सरासरी 142 चांगली झाकणं निघत होती, म्हणजे 79 टक्के. इन्सर्टची 25 मिनिटं अजून बरीचशी तशीच आहेत; ती फळी टांगून कमी होणारी नाहीत, तिथे इन्सर्टचा दर्जा आणि कटिंगची गती यांवर काम करावं लागतं. उरलेल्या आठ झाकणांसाठी मधूनमधून जादा तास द्यावे लागतात. दुसऱ्या मशिनचा विषय मात्र मागे पडला आणि रविवार सुटीचा राहिला.

चौथ्या संध्याकाळी मी माझ्या बाजूचं बोलले, कारण आकडे खोटे कसे होतात ते सॉफ्टवेअरवाल्यांना जवळून दिसतं. ओईई वाढवायच्या दोन सोप्या वाटा आहेत, आणि दोन्हींत मशिनला हात लावावा लागत नाही. एक, सायकल टाइम अडीचऐवजी तीन मिनिटं लिहायचा. वेगाची गळती कागदावरून नाहीशी होते. ओळखायचं असं: कधीतरी एखादी चांगली पाळी येते आणि वेगाचा आकडा 100 च्या वर जातो. शंभराच्या वर दिसलं, की लिहिलेला वेळ सैल आहे असं समजावं. दुसरी वाट म्हणजे सेटअपला 'ठरलेला बंद' म्हणून 450 मिनिटांतूनच वजा करायचं. टक्केवारी सुधारते, झाकणं तेवढीच राहतात. म्हणून टक्क्यांच्या शेजारी चांगल्या झाकणांची संख्या लिहायचीच. दोन्ही एकत्र वाढले तरच खरं.

आणि एक गोष्ट मशिन कधीच सांगू शकत नाही, ती म्हणजे कारण. मशिन थांबलं हे सेन्सर सांगतो. का थांबलं ते ऑपरेटर पडद्यावर बटण दाबून सांगतो. यादीत तीसेक इंग्रजी कारणं होती, आणि निम्म्याहून अधिक वेळा दाबलं जायचं ते शेवटचं, 'इतर'. सुपरवायझरांनी ती यादी आठ कारणांवर आणली, त्यांच्या शब्दांत, मराठी आणि कन्नड दोन्हींत: कास्टिंग नाही, सेटअप, इन्सर्ट, माप तपासणी, लाइट नाही अशी. 'इतर'चा वापर घटला, आणि तेव्हापासून त्या नोंदी वाचण्याजोग्या झाल्या.

गिऱ्हाइकाला गेलेलं उत्तर आधी फळ्यावर मराठीत लिहिलं होतं, मग मी त्याचं इंग्रजी केलं. त्यात 85 च्या ऐवजी आपलं लक्ष्य 83 आणि ड्रिलिंगला 40 पुरेसं का, याचा हिशेब दिला होता. त्यांनी दोन शंका विचारल्या आणि मान्य केलं. सह्या पाचही आहेत. त्यांतल्या एका सहीखाली, इंग्रजी कागदावर, मराठीत लिहिलं आहे: 'हिशेब तपासला.'